काटकोनबाईंची सिद्धता

शाळेत मुली त्यांना पाठीमागे काटकोनबाई म्हणत. फळ्यावरची त्यांची रेघ पट्टीशिवायही सरळ यायची, आणि बाकाच्या रांगा वाकड्या दिसल्या की त्या शिकवणं थांबवून आधी रांगा नीट करून घ्यायच्या. भूमिती हा त्यांचा विषय. एका रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला समांतर अशी एकच रेषा काढता येते, हे वाक्य त्यांनी इतक्या वर्गांना पाठ करून घेतलं होतं की झोपेतून उठवलं तरी मुलींनी सांगितलं असतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा कॉलेजात गणितच घेऊन बसला. एकदा जेवताना तो म्हणाला, "आई, एकच समांतर असते हे तू शिकवतेस ना, ते सिद्ध नाही झालेलं. नुसतं मानलेलं आहे. अनेक असतात असं मानलं तरी वेगळी भूमिती उभी राहते."

"गप जेव," बाई म्हणाल्या. "उद्या म्हणशील दोन आणि दोन पाच."

तो हसला. त्यानंतर तो बराच वेळ खोलीत बसून वाकड्यातिकड्या आकृत्या काढू लागला. मग आकृत्या थांबल्या, कॉलेज थांबलं, आणि परीक्षेच्या तोंडावर त्याने अंथरूण धरलं ते धरलंच. भिंतीकडे तोंड करून पडायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मनाचा आजार आहे म्हणाले, धीर धरा म्हणाले. बाईंना धीर धरायला काहीतरी हाती लागायला हवं होतं. नवरा म्हणायचा, "होईल गं बरा." हे तो इतक्या हळू म्हणायचा की त्याचं त्यालाच पटलेलं नाही हे कळायचं.

बाईंच्या मनाने एक घेतलं. पोराचं डोकं त्या अनेक समांतरांनी फिरवलं. ती भूमितीच खोटी आहे असं आपण दाखवून दिलं, तिच्यात कुठेतरी विसंगती सापडली, तर त्याच्या डोक्यातला गुंता सुटेल आणि तो उठून बसेल. वेडगळ वाटतं खरं. पण आई बुडायला लागली की हाताला येईल ते धरते.

शाळेतून आल्या की त्या स्वयंपाकघरात ओट्याशेजारी कागद घेऊन बसायच्या. भाजी करपायची, दूध उतू जायचं. मोठी बहीण मदतीला येऊन राहिली होती, ती म्हणाली, "अगं, पोरगा आजारी आणि तू त्रिकोण काढतेस?"

"त्याच्याचसाठी काढतेय, ताई."

आणि एक दिवस सिद्धता जमली. इतकी सोपी की बाईंनी ती पुन्हा पहिल्यापासून तपासली. एक आडवी रेषा, वर एक बिंदू. बिंदूतून रेषेवर लंब टाकायचा. आता बिंदूतून एक तिरकी रेघ काढायची, लंबाशी काटकोनाहून जरासाच कमी कोन करणारी, म्हणजे खाली कललेली. ती रेघ आडव्या रेषेला कधीच भेटणार नाही असं समजा. त्या तिरक्या रेघेवर जवळच एक बिंदू घ्यायचा आणि तिथून लंबावर लंब टाकायचा. झाला एक छोटा काटकोन त्रिकोण. तो तसाच, कोन न बदलता, मोठा करत न्यायचा, त्याची उभी बाजू पूर्ण लंबाएवढी होईपर्यंत. मग त्याची आडवी बाजू आडव्या रेषेवरच बसते, आणि तिसरं टोक तिरक्या रेघेवरही असतं आणि आडव्या रेषेवरही. म्हणजे भेटल्याच दोघी! कललेली प्रत्येक रेघ भेटते. न भेटणारी उरते ती एकच.

दुसऱ्याच दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या मुलाच्या सरांकडे गेल्या. सर वयाने त्यांच्यापेक्षा बरेच लहान. स्टाफरूममध्ये त्यांनी बाईंना खुर्ची दिली आणि कागद शांतपणे शेवटपर्यंत वाचला.

"बाई, छान लिहिलंय. पण त्रिकोण मोठा करता येतो हे कुणी सांगितलं?"

"म्हणजे? समरूप त्रिकोण! सातवी-आठवीची पोरं करतात."

"आपल्या भूमितीत करतात. तिथे नाही करता येत." सर फळ्याशी गेले. एक वर्तुळ काढलं. "समजा, जग एवढंच. आतलं तेवढं जग. कड त्यात धरायची नाही. सरळ रेषा म्हणजे या वर्तुळाच्या जीवा." त्यांनी खाली एक जीवा काढली, वर एक ठिपका दिला, आणि ठिपक्यातून जीवा ओढत गेले. एक, आणखी एक, आणखी एक. पहिलीला वर्तुळाच्या आत एकही शिवत नव्हती. "बघा, किती न भेटणाऱ्या. आत राहणाऱ्याला कड कधीच सापडत नाही. कडेजवळ जाईल तशी त्याची पट्टी आपल्याला आखूड होताना दिसते. त्याला मात्र ती तेवढीच वाटते. त्याच्या दृष्टीने रेषेला अंतच नाही."

बाई उठून फळ्याजवळ गेल्या.

"अशा जगात त्रिकोणाच्या कोनांची बेरीज दोन काटकोनांपेक्षा कमी भरते. त्रिकोण जेवढा मोठा, तेवढी बेरीज कमी. म्हणजे आकार वाढवला की कोन बदलणारच. तीन कोन ठरले की मापही ठरलं. तिथे फोटो मोठा करून घेता येत नाही, बाई; चेहराच बदलेल. आयतही काढता येत नाही, चारही काटकोन मिळणारच नाहीत. तुम्ही मोठा करता येतो म्हणालात, तिथेच 'समांतर एकच' हे गृहीतक मागच्या दाराने आत आलं."

"मग दुसरी सिद्धता शोधते." बाईंनी पर्समधून पेन काढलं. "कुठेतरी विसंगती असेलच ना."

"नाही सापडणार. हे वर्तुळ, या जीवा, सगळं तुमच्याच भूमितीतून बनलंय. इथे विसंगती निघाली तर ती तुमच्या भूमितीतही निघेल. ती पडली तर दोघी पडतील."

बाईंनी कागदाची घडी केली, उलगडली, परत केली. "मग माझ्या मुलाचं कुठे चुकलं?"

"कुठेच नाही. त्याला हे वर्गात सगळ्यात छान कळलं होतं. बाई, तो यामुळे आजारी पडला असं मला वाटत नाही."

आतापर्यंत निदान एक वैरी होता. सरांनी तोही काढून घेतला. जिन्यात बाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. खालून वर येणारी मुलंमुली त्यांना वळसा घालून जात होती. रडायलाही येईना.

घरी आल्या तेव्हा ताईने पोराला कसंबसं दोन घास भरवले होते. बाई त्याच्या पलंगाजवळ जमिनीवर बसल्या, आणि पर्समधल्या शाळेच्या खडूने फरशीवर वर्तुळ काढलं. आपण काय करतोय हे त्यांना धड कळत नव्हतं.

"माझं चुकलं रे," त्या म्हणाल्या. "मी त्रिकोण मोठा केला. तिथे तो मोठा होत नाही. सर म्हणाले, तुझं सगळं बरोबर होतं." त्या जीवा ओढत गेल्या, रडत गेल्या. मग दोन जीवांमधला कोन कोनमापकासारखा बोटांनी मोजू लागल्या.

"तसा नाही मोजायचा." आवाज घोगरा, कितीतरी दिवसांत न वापरलेला. त्याने मान वळवली होती. "या चित्रात रेषा सरळ दिसतात, पण कोन खोटे दिसतात."

"मग खरे कसे काढायचे?"

तो वर्तुळाकडे बघत राहिला. ओठ हलले. मग डोळे मिटले आणि पुन्हा भिंतीकडे वळला. बाई दुपारभर तिथेच बसल्या, पण तो त्या दिवशी काही बोलला नाही, नंतरच्या आठवड्यातही नाही. पुढे त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथल्या बाकावर बसून बाईंनी पहिल्यांदा डॉक्टरांना विचारलं, "हे कशामुळे झालं?" असं नाही, तर "आता काय करायचं?" असं. डॉक्टरांनी सांगितलं ते त्यांनी निमूट केलं.

तो घरी आला, पण गणिताकडे परतला नाही. सध्या एका बायंडिंगच्या दुकानात पुस्तकांना पुठ्ठे चिकटवतो. चांगले दिवस असतात, वाईटही असतात. वाईट दिवशी बाई कामावर जात नाहीत. त्याच्या खोलीचं दार उघडं ठेवून बाहेर भाजी निवडत बसतात. आत हालचाल झाली की हात थांबवून ऐकतात, आणि मग पुन्हा एकेक शेंग मोडायला घेतात.