आपल्याच गावाचं स्टेशन

अम्मीला एकच गोष्ट हवी होती. हैदराबादला तिची थोरली बहीण, म्हणजे आमची खाला, अंथरुणाला खिळली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. तिचे डोळे मिटायच्या आत अम्मीला तिच्यापाशी बसायचं होतं. खालाचं बोलणं जवळजवळ थांबलं होतं. फोन कानाला लावला की एवढंच विचारायची, "कधी निघतेस?"

तिकीट काढायचं काम धाकट्या भावाकडे. तो हिंजवडीत कॉम्प्युटरवाला. घरातलं कुठलंही बुकिंग त्यानंच करायचं, आम्हा बायकांना काय कळतंय, असा रिवाज. पण त्या दिवशी त्यानं फोन करून थोरल्या बहिणीला, म्हणजे मला, फार बारकाईनं विचारलं, "बाजी, हैदराबादला तीन-तीन स्टेशनं आहेत. काचीगुडा, सिकंदराबाद आणि नामपल्ली. खालाचं घर कुठे?" मी म्हटलं, "नामपल्लीजवळ. सिकंदराबादला उतरवलंस तर अम्मीच्या गुडघ्यांचं वाटोळं होईल." "मग कोड एचवायबी. ती नामपल्ली. झालं काम!" थोड्या वेळानं परत फोन. उद्या दुपारची गाडी, खालचा बर्थ, डबा एस फोर. मला त्याचं कौतुक वाटलं, खरंच वाटलं.

गाडी कुठून सुटते हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पुण्याची माणसं आम्ही! परक्या गावाची तीन स्टेशनं चिवडून पाहू, पण आपल्या गावाचं कोण विचारतो? पुण्यातून जायचं म्हणजे पुणे स्टेशन. भवानी पेठेत सारा जन्म गेला, तेव्हा चालतसुद्धा जायचो. आता भावानं आम्हाला मांजरी गावात फ्लॅट घेऊन दिला होता, म्हणून रिक्षा केली. मुंढव्याच्या सिग्नलला अडकलो तेव्हा अम्मी तसबीचे मणी ओढत होती. डब्यात खालाला आवडतात म्हणून खजुराच्या पोळ्या घेतल्या होत्या.

स्टेशनात बोर्डावर आमची गाडीच नाही. चौकशीच्या खिडकीत गेले.

"पीएनआर सांगा."

भावाला फोन करून तिकिटाचा मेसेज मागवला. आला. मी मोबाईल काचेला लावला. आतल्या माणसानं एक नजर टाकली. "एचडीपी ते एचवायबी. एचडीपी म्हणजे हडपसर. ही गाडी हडपसरहून सुटते, इकडे येतच नाही. इथल्या फलाटांवर जागा नाही, म्हणून काही गाड्या तिकडून सोडतात. तिकीट वाचत जा जरा."

हडपसर! अहो, आमच्या घरापासून हाकेवर. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो आम्ही अम्मीचे गुडघे घेऊन घातला होता.

रिक्षावाल्याला म्हटलं, पळव. तो पळवणार कुठून? मगरपट्ट्याच्या बाजूला कंपन्यांच्या बसगाड्या आडव्या लागलेल्या. भावाला पुन्हा फोन केला. म्हणाला, "अगं, मी 'पुणे' असंच टाकलं होतं. ते आजूबाजूच्या स्टेशनांच्या गाड्याही दाखवतं. बाकी सगळीकडे वेटिंग, हिलाच जागा होती. घेतली. कोड लिहिलेला असतो, बाजी." मी म्हटलं, "हैदराबादचा वाचलास ना? मग इथला वाचताना डोळे फुटले होते?" त्याला मीटिंग होती.

हडपसरला पोचलो तेव्हा फलाटावर एक कुत्रं आणि झाडूवाली. ती म्हणाली, "गेली की आत्ताच." अम्मी बाकावर बसली. रडली नाही. मला म्हणाली, "त्याला जास्त बोलू नकोस. त्याच्यावर कामाचा भार आहे." माझं डोकं असं फिरलं! आयुष्यभर हेच. भार त्याच्यावर, आणि सामान माझ्या खांद्यावर.

संध्याकाळची बस मिळाली, तीही शेवटच्या सीटवर. सोलापूरच्या पुढे कुठेतरी खालाच्या मुलीचा फोन आला. मी उचलला. तिला बोलताच येईना, त्यावरूनच मी समजले. अम्मीनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तसबी हातात घेतली.

आम्ही पोचलो तेव्हा पुरुष मंडळी दफन करून परतत होती. दारातल्या चपलांतून वाट काढत अम्मी आत गेली. खालाची मुलगी तिच्या गळ्यात पडली. म्हणाली, "शेवटपर्यंत तुझंच विचारत होती. आम्ही सांगत होतो, निघालीय, गाडीत बसलीय."

अम्मीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "काय करू बेटा, गाडीच लेट झाली."

मग घरभर रेल्वेला शिव्या सुरू झाल्या. रेल्वेचा काही भरवसा राहिला नाही, मेले कधी वेळेवर येतील तर शपथ, असं जो तो बोलू लागला. अम्मी मान डोलवत राहिली. आणि माझ्याकडे तिनं असं पाहिलं, की मीसुद्धा रेल्वेला दोन शिव्या हासडल्या.