बहात्तर भागिले

बदलापूर पूर्वेच्या ज्या सोसायटीत मधुसूदन गुप्ते राहतात, तिथे त्यांना मधुकाका म्हणत. निवृत्तीनंतर सहा महिन्यांत लोक ‘बहात्तरकाका’ म्हणू लागले. काकांना त्याचं वाईट वाटलं नाही, उलट आनंद झाला.

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या रसायनांच्या कारखान्यात ते स्टोअर ऑफिसर होते. आयुष्यभर पिंपं मोजली. निवृत्त झाले तेव्हा हातात फंडाचे दहा लाख आणि डोक्यात भरपूर रिकामी जागा होती. अशा वेळी स्टेशनजवळच्या हॉलमध्ये गुंतवणूकदारांसाठी मोफत व्याख्यान झालं. मोफत होतं आणि नंतर बटाटावडा होता, म्हणून काका गेले. वडा गार होता, पण व्याख्यानातला एक नियम मात्र त्यांना गरमागरम मिळाला. बहात्तरला व्याजाच्या दराने भागा, जे उत्तर येईल तेवढ्या वर्षांत पैसे दुप्पट. सहा टक्के असतील तर बारा वर्षं, आठ असतील तर नऊ. अट एकच, व्याज काढायचं नाही, मुद्दलातच मुरू द्यायचं.

त्या दिवसापासून काकांना माणसं दिसेनाशी झाली, दर दिसू लागले. लिफ्टमध्ये कुणी भेटलं की विचारत, पैसे कुठे ठेवलेत? बचत खात्यात, असं उत्तर आलं की चेहरा पाडून सांगत, तीन टक्के म्हणजे चोवीस वर्षं, तोपर्यंत तुम्ही असाल का? समोरचा लिफ्टचं बटण पुन्हा दाबायचा आणि काकांना वाटायचं, त्याला पटलं. स्वतःचाही हिशेब त्यांनी वयाशी बांधला होता. ते एकसष्टीचे. बँकेच्या सहा टक्क्यांनी दुप्पट झाले तर त्र्याहत्तरीला. ती रक्कम घेऊन करायचं काय? गुडघ्यांना लावायची?

त्यांना वांगणीला दोन गुंठे जागा आणि त्यात आंब्याचं झाड हवं होतं, तेही चार वर्षांच्या आत. मग त्यांनी नियम उलटा फिरवला. बहात्तर भागिले चार, अठरा. प्रश्न सुटला. आता फक्त अठरा टक्के देणारा माणूस शोधायचा राहिला. पूर्वी मुलीसाठी स्थळं शोधत त्याच निष्ठेने काका तो शोधू लागले.

शोध भूपेशपाशी थांबला. भूपेश मूळचा वांगणीचा. घरची शेती होती, तिचे प्लॉट पाडून विकायचा, आणि उल्हासनगर कॅम्प चारमध्ये त्याचं काचेचं ऑफिस होतं. तो महिन्याला दोन टक्के देतो असं बाहेर बोललं जायचं. म्हणजे अठरा नव्हे, चोवीस! बहात्तर भागिले चोवीस, तीन वर्षं. चौसष्टीला आंबा. काकांनी गणित दोनदा ताडून पाहिलं, दोन्ही वेळा तीनच आलं. जो व्यवहार गणितात चोख बसतो तो खोटा कसा असेल, असं त्यांनी सुनेत्राकाकूंना विचारलं. काकू पोळ्या लाटत होत्या, म्हणाल्या, गणित बरोबर आहे म्हणजे काय, भूपेशनेही ते शिकलेलं असेल.

काकांनी ते मनावर घेतलं नाही. रविवारी गच्चीवर सोसायटीचे पाच-सहाजण जमले तेव्हा त्यांनी फळ्यावर चोवीस लिहून दाखवलं. शेवटी महत्त्वाची सूचनाही दिली, व्याज दर महिन्याला हातात घेऊ नका, नाहीतर दुप्पट होणार नाही. आतच ठेवा.

तिसऱ्या मजल्यावरचे भीमराव कारखान्यात फोरमन होते, घाईचे नव्हते. पण काकांच्या फळ्यावर त्यांचा विश्वास बसला. त्यांनी आठवड्यात तीन लाख भूपेशकडे ठेवले. व्याज काढणार नाही, हेही त्याला सांगून आले. भूपेशने म्हणे त्यांना दोनदा चहा पाजला.

महिन्याभराने काका स्वतः निघाले. खातं दोघांचं होतं, चेकवर काकूंचीही सही लागणार होती, म्हणून त्याही बरोबर निघाल्या. सही करायला त्या तयार होत्या, पण पैसे ज्याच्या हातात जाणार त्याचं तोंड बघून.

ऑफिसात एसी होता, भिंतीवर प्लॉटचा रंगीत नकाशा होता. भूपेशने काकांना खुर्ची दिली, काकूंना पाणी. “तुमीच ते बहात्तरवाले काका ना? बिल्डिंगमधले समदे तुमचं नाव घेतात.” काका सुखावले. त्यांनी लगेच नियम समजावून सांगितला, आणि भूपेशने तो आयुष्यात पहिल्यांदा ऐकत असल्यासारखा ऐकला. मग तोही मोकळा झाला. नकाशावर बोट ठेवून म्हणाला, “जमीन म्हंजे सोनं, काका. हा वांगणीचा पट्टा. सहा वर्षांपूर्वी घेतला, आज डबल. एवढी फास्ट जमीन दुसरीकडं दाखवा.”

काकांपुढे कुणी ‘डबल’ म्हटलं की त्यांचं तोंड बंद राहत नसे. शिंक यावी तसं उत्तर आलं.

“सहा वर्षं. म्हणजे बारा टक्के.”

ते मोठ्या कौतुकाने बोलले. मग त्यांचाच आवाज त्यांच्या कानात शिरला. हा माणूस जमिनीत बारा कमावतो आणि लोकांना चोवीस देतो. बाकीचे बारा कुठून येतात?

 भूपेश हसत राहिला, पण जरा जास्त वेळ. मग म्हणाला की कमिशन वेगळं असतं, टर्नओव्हर वेगळा असतो, तुम्ही पार्टनरसारखे आहात, एवढं खोलात कशाला जायचं. काकूंनी चेकबुक पर्समध्ये ठेवलं आणि पर्सची चेन लावली.

“चला,” त्या म्हणाल्या. “उन्हं वाढतील.”

परतताना रिक्षात काका बोटांवर हिशेब मांडत होते. आपण वाचलो याचा आनंद त्यांना होत नव्हता. भीमरावांचे तीन लाख आठवत होते, कारण ते बाकीचे बारा भीमरावांसारख्यांकडूनच येत असणार, नवा येईल त्याचे पैसे जुन्याला. संध्याकाळी ते तिसऱ्या मजल्यावर गेले आणि सगळं सांगितलं, पैसे काढून घ्या म्हणाले.

भीमरावांनी शांतपणे मोबाईल दाखवला. त्यावर व्याजासकट रकमेचा मेसेज होता. वाढलेला आकडा.

“काका, तुम्हीच सांगितलंत आत ठेवा. आता तुम्हीच म्हणता काढा. एक काय ते ठरवा.”

त्यानंतर वर्षभर काकांची जी शोभा झाली ती बघवत नव्हती. घाबरट, हातची संधी घालवणारा, बायकोच्या पर्सला भिणारा, असं बरंच बोललं गेलं. काका पोस्टात गेले आणि दहा लाख किसान विकास पत्रात टाकले. साडेसात टक्के. खिडकीवरच्या बाईंनी पूर्ण दुप्पट व्हायला एकशेपंधरा महिने सांगितले. काकांनी तिथल्या तिथे भागाकार केला, नऊ पूर्णांक सहा दशांश वर्षं आली, त्याचे महिने केले, ते बरोबर जुळले. आंबा एकाहत्तरीला गेला होता, तरी तेवढ्यापुरते ते खूश झाले.

चौदाव्या महिन्यात भूपेशच्या ऑफिसच्या काचेवर कागद चिकटला आणि फोन बंद लागला. भीमरावांच्या मोबाईलवर तेव्हा तीन लाखांचे जवळजवळ चार झालेले होते. हातात मात्र एक रुपया आला नव्हता. ज्यांनी महिन्याच्या महिन्याला व्याज उचललं, त्यांचं थोडं तरी सुटलं. काकांचं ऐकणाऱ्याचं काहीच सुटलं नाही.

तक्रार द्यायला काका भीमरावांबरोबर चौकीत गेले. भीमरावांनी बोलावलं नव्हतं, पण येऊ नका असंही म्हटलं नाही. रांग पायऱ्यांपर्यंत आली होती. पुढे उभ्या असलेल्या रखमाबाई नावाच्या आजी सांगत होत्या की त्यांना अडीच वर्षांत दामदुप्पट कबूल केलं होतं. काकांचे ओठ हलले. बहात्तर भागिले अडीच.

भीमरावांनी त्यांच्या दंडावर हात ठेवला. “काका, राहू द्या,” ते म्हणाले, आणि रांग एक पायरी पुढे सरकली.