धाकट्या मापाची नोट

शिंपीणबाईंना आईच्या पेटीच्या तळाशी एक नोट सापडली. कडेला भावाच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘ताईच्या फ्रॉकसाठी.’ भाऊ त्या मोठ्या पुरात वाहून गेला, असं आई सांगायची.

बाईंनी फोटो काढून जुन्या नोटांच्या दुकानदाराला पाठवला. त्याने फोन केला. “बल्बच्या उजेडात रंगाची फसगत होते, बाई. दिवसा काढा, शेजारी फूटपट्टी ठेवा. आणि एक फोटो खिडकीशी धरून, म्हणजे जलचिन्ह दिसेल.”

नवे फोटो पाहून तो म्हणाला, “तपकिरी वाटली, पण हिरवी आहे. मापही लहान. जुन्या नोटेत सिंहाचं जलचिन्ह होतं, हिच्यात जहाज आहे आणि मागच्या बाजूला पुलाचं चित्र. ही पुढची मालिका.”

“कधीची?”

“पुरानंतर दोन वर्षांनी निघाली. त्याआधी ही कुणाच्याच हातात नव्हती.”

बाईंनी नोटेच्या कडेचं भावाचं अक्षर पुन्हा पाहिलं. “म्हणजे तेव्हा तो होता! आणि आईला ठाऊक होतं!”

संताप आणि आनंद एकदमच दाटून आले. त्यांनी डोळे पुसले, मशीनवर झाकण घातलं आणि लेकीला हाक मारली, “चल गं, मामाला शोधायचंय.”