पहिले शंभर

प्रतिमा हिंदी मुलखातल्या रांझीच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये वाढलेली आणि लग्नानंतरही तिथेच राहणारी. दुपारी ती मुलांच्या शिकवण्या घ्यायची. पोरांना मराठी कळायची, पण बोलायला सांगितलं की ती हिंदीत घुसायची. म्हणून तिने एक वेबसाइट काढली: घरातली रोजची वाक्यं, तिच्याच आवाजात.

पहिल्या आठवड्यात शंभर माणसं तरी यावीत, एवढीच तिची इच्छा होती. बेतही शहाणपणाचा होता. रोज एकेकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं, आधी ॲडमिनला विचारायचं आणि प्रत्येक ग्रुपची लिंक वेगळी ठेवायची, म्हणजे कोण कुठून आलं ते कळेल. शिवाय शिकवणीला येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या आईने आणखी दोघींना सांगायचं.

तीन दिवस गेले तरी आकडा तिशीच्या पुढे सरकेना. बुधवारी तिचा धीर सुटला. ‘आनंदाची बातमी!’ असा एकच मजकूर, फक्त लिंक बदलून, तिने उरलेल्या सगळ्या ग्रुपवर, कोणालाही न विचारता, एका दमात टाकला. वर काय लिहिलंय हेही पाहिलं नाही.

थोड्याच वेळात बुद्धविहाराच्या ग्रुपचे ॲडमिन बाबाराव काका यांचा फोन आला.

"प्रतिमा, वरचं वाचलं काय?"

"नाही काका. काय झालं?"

"चेरीतालचे लक्ष्मणराव गेले आज सकाळी. त्यांच्या निधनाच्या मेसेजखाली तू आनंदाची बातमी देऊन राहिली."

तिने मेसेज सगळ्यांसाठी पुसला, पण पुसल्याची खूण तिथेच राहिली. मग तिने ग्रुपवर माफी मागितली.

रात्री तिने आकडे उघडले. विहाराच्या लिंकवरून चांगली पंचवीसेक माणसं येऊन गेली होती. क्षणभर मन हरखलं, आणि मग स्वतःचीच तिला किळस आली.

दुसऱ्या दिवशी ती चेरीतालला गेली. लक्ष्मणरावांची सून लता दारातच होती.

"वहिनी, माझं चुकलं. मी वाचलंच नाही."

"हो, दिसलं ते," लता म्हणाली. "सासूबाईंनी विचारलं, आनंद कशाचा? मी काय सांगू त्यांना?"

लताच्या मागोमाग प्रतिमा आत गेली. तिने भेटायला आलेल्यांचे चहाचे कप विसळले.

आठवड्याच्या शेवटी आकडा शंभरावर पोचला होता. तिने तो कोणालाच सांगितला नाही. विहाराच्या लिंकवरून आलेल्यांना वजा करून तिने पुन्हा मोजलं, तेव्हा शंभर भरेनात. त्यानंतर तिने ग्रुपवर लिंक टाकली नाही. एकेका घरी जाऊन, समोर बसून, ती फोनवर वेबसाइट उघडून दाखवू लागली. लताच्या घरी ती दाखवायला जायचा मात्र तिला अजून धीर होत नाही.