चमकती बाजू

पुलगावला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत धाकट्या बहिणीनं पार्लर काढलं, तेव्हा रंगाचा नमुना म्हणून तिच्याकडे स्वतःचंच डोकं होतं. आधी ब्लीच, त्यावर वाइन-लाल. पहिली नवरी रविवारी येणार होती आणि तिला रंगवलेले केस हात लावून बघायचे होते.

अडचण उशीची होती. सुती अभ्रा सकाळी गुलाबी झालेला असायचा, मानेमागे केसांचा गुंता. ब्लीच केलेले केस कोरडे असतात; सुती कापडावर घासले की तुटतात आणि रंगही कापडाला लागतो. बहिणीनं ठरवलं : अभ्रा सॅटिनचा, वेणी सैल, आणि केस पूर्ण वाळल्याशिवाय आडवं व्हायचं नाही.

आईनं आयुष्यभर झोपताना आमच्या वेण्या घट्ट घातल्या होत्या. सैल वेणी पाहून ती म्हणाली, "ही का वेणी हाय? सकाळपर्यंत अर्धी पलंगावर राहीन."

"राहू दे. ओढून नको बांधू, केस तुटतात," बहीण म्हणाली.

अभ्रा मात्र आईनंच शिवला, ब्लाउजच्या अस्तरातून उरलेल्या मोतिया सॅटिनचा. तरी दोन सकाळी तोच गुंता, तेच गुलाबी डाग.

शुक्रवारी दुपारी ती पंख्याखाली पडली होती. पडद्यातून येणारा उजेड तिच्या केसांवरून हळूहळू सरकत होता. दूर मालगाडीचे डबे एकामागून एक जात राहिले, संपतच नव्हते. मी अर्धवट झोपेत होते. पाण्याखालून दिसावं तसा तिचा हात उशीवरून फिरताना दिसला. तळव्याची कोरडी कातडी कापडाला अडकत होती. तिनं अभ्र्यात हात घातला. आत कापड थंड आणि निसरडं होतं.

"आई, चमकती बाजू आत काऊन टाकली?"

"खराब होईन म्हणून," स्वयंपाकघरातून आई म्हणाली.

आमच्या घरी सोफ्यालाही खोळ, खोळीवर चादर. चांगली बाजू जपायची असते. बहीण हसली, आठवड्यात पहिल्यांदा.

आईनं शिवण उसवली, कापड उलटवून पुन्हा शिवलं. त्या रात्री बहिणीनं वाळलेल्या केसांची एक सैल वेणी घातली, टोकाला सॅटिनचाच बंद. शनिवारी सकाळी अभ्र्यावर फिकट गुलाबी छटा होती. रंग नवा असेपर्यंत थोडा लागतोच. पण मानेमागे गुंता नव्हता. वेणी सोडताच केस पाठीवर ओघळले.

रविवारी नवरीनं त्यांत बोटं घातली. ती कुठं अडकली नाहीत. तिनं बोटांची टोकं उजेडात धरून पाहिली, रंग लागला नव्हता, आणि ती खुर्चीवर बसली.

"मले हाच कर, ताई."

आई दारात उभी होती. "रंगवून घे बाई," ती नवरीला म्हणाली, "पण उशीचा अभ्रा माह्याकडूनच शिवून नेजो. आता जमते मले."