सुधारलेला मेसेज

कुपवाडच्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या सांगलीतल्या एका छोट्या कंपनीत मी टेस्टर होते. सॉफ्टवेअर वापरून बघायचं, त्यातल्या चुका शोधायच्या आणि पुण्याच्या प्रोग्रामरना इंग्रजीत मेल करायचा. माझं इंग्रजी बरं, म्हणून सगळ्यांचे मेल आधी माझ्याकडे तपासायला यायचे. त्याचा मला अभिमान होता.

मग पलूसहून एक मुलगी कामाला आली. इंग्रजी कच्चं, पण तीन महिन्यांत तिने एवढ्या चुका पकडल्या की आमचे साहेब, म्हणजे सर, रोज तिच्याच टेबलाशी उभे. चहा घेताना तिचं नाव निघालं की मला चहा कडू लागायचा.

एके दिवशी तिचा मेल तपासायला आला. 'बॅच कार्ड' या स्क्रीनवर माहिती भरून सेव्ह केलं की शेवटची ओळ गायब होते आणि क्षणभर एक मेसेज चमकून जातो. फोटो काढण्याइतका तो टिकत नव्हता. तिने सगळं भूतकाळात लिहिलं होतं, जणू एकदाच घडलं. मी वर्तमानकाळ केला, कारण ते दरवेळी घडत होतं. 'बॅच कार्ड' तिने स्मॉल अक्षरांत लिहिलं होतं. तसं लिहिलं तर कारखान्यातलं कागदी कार्ड वाटतं, म्हणून कॅपिटल केलं. चुका सापडतील तसा मला आनंद होत होता. त्याच भरात अवतरणचिन्हांतला मेसेजही सुधारला. तिने लिहिलं होतं, 'एन्ट्री नॉट सेव्ह'. मी 'सेव्ह्ड' केलं. मनात म्हटलं, एवढंही येत नाही हिला.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून उत्तर आलं: असा मेसेज आमच्या कोडमध्ये शोधून सापडत नाही, नीट बघून कळवा.

सरांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं, "अंदाजाने लिहिलंस का?"

"न्हाई सर, बघूनच लिहिलं हुतं," ती म्हणाली.

त्या क्षणी मला बरं वाटलं, हे खरं आहे.

सर गेल्यावर ती वही घेऊन माझ्याकडे आली. "ताई, तो मेसेजच चुकीचा हाय बघा. पाच वेळा बघून उतरवलाय." मी स्वतः सेव्ह करून बघितलं. 'एन्ट्री नॉट सेव्ह'. व्याकरणाची चूक प्रोग्रामरचीच होती, आणि तिने ती जशीच्या तशी उतरवली होती.

"मी बदललं हे सरांना का सांगितलं नाहीस?"

"तुमी सांगाल की."

मी तेव्हाच मेल लिहिला: मूळ शब्द बरोबर होते, बदल मी केला. प्रत सरांना. तासाभरात प्रोग्रामरला कोडमधली ती ओळ सापडली.

पुढच्या आठवड्यापासून सरांनी माझे मेल मूळ स्क्रीनशी ताडून बघायचं काम तिला दिलं. पहिल्याच मेलमध्ये तिने माझी एक चूक काढली. बरोबरच काढली होती. तरी संध्याकाळी बसस्टॉपवर ती हसून हात करत होती, तेव्हा मी फोनमध्ये बघत राहिले.