आतल्या बाजूची फट

परतूरच्या राजनंदिनीला लहानपणापासून स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. ती घनसावंगीकडच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून लागली, तरी स्वभाव तोच. पेशंट घरी गेला तरी त्याचं दुखणं हिच्या डोक्यात घोळत राहायचं.

कापूस वेचणीच्या दिवसांत धर्मराज आपल्या बायकोला, कौसल्याला, उचलूनच घेऊन आला. जीपमधून उतरताना पाय मुरगळून ती पडली होती.

"मॅडम, नुसती मोच हाय. सुई द्या, जल्दी जायचंय. रानात वेचणी चालूये."

राजनंदिनीनं बाहेरच्या घोट्याच्या मागच्या कडेवर बोट दाबलं. कौसल्या कळवळली.

"पडल्यावर चालता आलं?"

"न्हाई ओ. पाय टेकलाच न्हाई."

"आता चार पावलं टाकून बघा."

दुसऱ्याच पावलाला ती धर्मराजच्या अंगावर कलंडली. हाडावर दाबलं की दुखतंय, चार पावलंही टाकवत नाहीत. म्हणजे एक्स-रे काढायलाच हवा.

समोरून आणि बाजूनं असे दोन फोटो आले. बाहेरच्या घोट्याच्या हाडात तिरकी चीर होती, पण तुकडे जागेवरच होते. "प्लास्टर घालू," ती म्हणाली. धर्मराजचा जीव भांड्यात पडला.

हिचा मात्र पडेना. प्लास्टरचं पाणी येईपर्यंत ती दोनदा कौसल्याच्या टेबलापर्यंत जाऊन आली. आतल्या घोट्याखाली पाय सुजून काळानिळा पडला होता. हाड मोडलंय बाहेरचं, मग आत एवढी सूज कशाची?

"शिवाजीभाऊ, अजून एक फोटो काढा. पाय थोडा आत वळवून."

"आता तर काढले, मॅडम," एक्स-रेवाले शिवाजीभाऊ म्हणाले.

"त्यात सांध्याची आतली फट नीट दिसत नाही. काढा."

तिसऱ्या फोटोत आतल्या घोट्याचं हाड अखंड होतं. सांध्याची वरची फट बारीक, सगळीकडे सारखी. आतली मात्र तिच्या जवळजवळ दुप्पट.

तिनं धर्मराजला कॉम्प्युटरच्या पडद्याजवळ बोलावलं. "बाहेर हाड मोडलंय, आत सांध्याला धरून ठेवणारा बंध तुटलाय. दोन्हीकडचा आधार गेला, म्हणून खालचं हाड सरकलंय. असंच प्लास्टर घालून सोडलं तर सांधा झिजेल. जालन्याला हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. ऑपरेशन लागेल."

"ऑपरेशन? मंग वेचणीचं कसं?"

"कापूस काय पळून चाल्लाय का?" कौसल्या कण्हत म्हणाली. "पाय माझा हाय."

राजनंदिनीनं पायाला आधाराची पट्टी बांधून अँब्युलन्स बोलावली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिनं जालन्याला तीनदा फोन केला. शेवटी सर्जन म्हणाले, "निदान बरोबर होतं. सूज उतरली की प्लेट बसवू."

तरी तिला चैन पडेना. महिनाभरातले घोट्यांचे सगळे फोटो तिनं पुन्हा उघडले. आणखी कुठं फट रुंदावलेली दिसली नाही, पण पाय आत वळवून काढलेला फोटो निम्म्यांचा नव्हताच. तिनं त्यांचे फोन नंबर शोधायला घेतले.

उन्हाळ्यात कौसल्या आपल्या पायांनी दवाखान्यात आली, किंचित लंगडत. राजनंदिनीनं तिला बसूही दिलं नाही.

"आधी चालून दाखवा," ती म्हणाली.